राउटरवर वेळ लावली की पीएस५चे अपडेट अडकतात, मार्ग सुचवा

रानजाई
मुलगा ११ वर्षांचा, सहावीत. दिवाळीत त्याच्या मामाने पीएस५ दिला. (मामाचं लग्न व्हायचंय, हे ओघाने आलंच.) घरी ४० एमबीपीएसचं फायबर, नेटवाल्यांनी बसवलेला डबा आणि त्याला जोडलेला आमचा स्वतःचा राउटर. राउटरच्या अ‍ॅपमध्ये मुलाच्या नावाने प्रोफाइल केलंय आणि त्यात पीएस५ टाकलाय. रोज १ तास, सुट्टीच्या दिवशी २ तास, रात्री ९ ते सकाळी ७ पूर्ण बंद. शिवाय वयानुसारचा फिल्टर चालू.

सुरुवातीला छान चाललं. आता रोजचं भांडण असं की तो शाळेतून येतो, फुटबॉलचा गेम लावतो, गेम म्हणतो आधी अपडेट घ्या. अपडेट सुरू होतो, तास संपतो, नेट तुटतं. दुसऱ्या दिवशी तिथून पुढे. परवाचा अपडेट ४० जीबीच्या आसपास होता. पोरगं तासभर ती निळी पट्टी सरकताना बघत बसतं आणि वर मला म्हणतं, "मी खेळलोच नाही, माझा तास परत दे." त्याचं म्हणणं चूकही नाही. पण अपडेटसाठी मर्यादा काढली की तेवढ्या वेळात तो दुसरा गेम लावून बसतो.

"अपडेट येऊ दे, खेळ नको" असं राउटरला सांगता येतं का? मला अ‍ॅप वापरता येतं, त्याहून खोलात फारसं कळत नाही.

निवांत_बेडूक
मामालाही त्याच प्रोफाइलमध्ये टाका. रात्री ९ नंतर बंद.

खडूस_आजोबा
सहावीतल्या मुलाला मैदानावर पाठवा. बॉल अपडेट मागत नाही.

चकली
@खडूस_आजोबा, मैदानावर पार्किंग झालंय हो आमच्याकडे. नाशिकला राहिलं असेल तर सांगा.

कर्जतचा_वारा
सोपं आहे. अपडेट नेहमीच्या वेब पोर्टवरून येतात, म्हणजे ८० आणि ४४३. ऑनलाइन खेळ मात्र यूडीपीवर चालतो. राउटरवर पीएस५साठी टीसीपी ८० आणि ४४३ आणि डीएनएसचा ५३ एवढंच मोकळं ठेवा, बाकी सगळं बंद. अपडेट येतील, मॅच लागणार नाही. मी भाच्याकडे असंच केलंय, मस्त चालतं.

पोर्टपाटील
@कर्जतचा_वारा, कल्पना वाईट नाही, पण ती अर्धीच पुरते. मॅच लागणार नाही हे बहुतेक खेळांच्या बाबतीत खरं. पण डिस्कवरचा किंवा एकट्याने खेळायचा गेम? त्याला नेटच लागत नाही, त्यामुळे राउटरने काहीही अडवलं तरी मुलगा निवांत खेळत बसेल. यूट्यूब तर ४४३ वरूनच येतं. शिवाय रानजाईताईंनी लिहिलंय की त्यांना अ‍ॅपपलीकडे जायचं नाही, आणि घरगुती राउटरच्या अ‍ॅपमध्ये असे नियम लिहायची सोय सहसा नसतेच.

@रानजाई, तुमच्या प्रश्नाचं सरळ उत्तर "नाही" असं आहे. राउटरला मूल दिसत नाही, त्याला पेटी दिसते. पेटी नेटवर आहे की नाही, एवढंच तो मोजतो. ती अपडेट उतरवतेय, गेम खेळवतेय की नुसतीच पडल्या पडल्या सर्व्हरशी बोलतेय, त्याच्या लेखी सगळं एकच. म्हणून बहुतेक राउटरवर "रोज १ तास" हा कोटा अपडेटमध्येही खर्च होतो. मुलगा शाळेत असताना पीएस५ने दुपारी स्वतःहून काही उतरवलं, तर तो घरी येईपर्यंत तास संपलेला असू शकतो.

आणि हिशोब बघा. ४० जीबी म्हणजे ३२० गिगाबिट. ४० एमबीपीएसने ८,००० सेकंद, म्हणजे सव्वादोन तास, तेही घरात दुसरं कोणी नेट वापरत नसेल तर. रोजच्या १ तासाच्या कोट्यात हा अपडेट तिसऱ्या दिवशी पुरा होणार. राउटर बिघडलेला नाही. तुम्ही सांगितलंत तेच तो करतोय.

वेळेची मर्यादा मोजायचं काम पीएस५लाच द्या. कोण खेळतंय हे त्याला माहीत असतं. तुमचं खातं कुटुंबप्रमुख, मुलाचं खातं त्याखाली. पीएस५वर `Settings` > `Family and Parental Controls` मध्ये जाऊन मुलाच्या खात्याला रोजचे तास आणि "किती ते किती वाजेपर्यंत" दोन्ही लावता येतात. वेळ संपल्यावर नुसती सूचना द्यायची की खात्यातून बाहेर काढायचं, हेही निवडता येतं. दुसरं निवडा. मुलगा बाहेर निघाला तरी पेटी चालू राहते, त्यामुळे डाउनलोड अडत नाही. तिथेच मुलाचा टाइमझोन विचारतात, तो भारताचा आहे ना, हे बघा.

मग राउटरवरचा रोजचा १ तास काढून टाका. रात्रीची बंदी हवीच असेल तर ९ ते ७ ऐवजी ९ ते १ करा. १ वाजता नेट मोकळं होईल, सकाळपर्यंत सहा तास मिळतात. तुमच्या वेगाने त्यात शंभर जीबी सहज उतरतं. मुलाचं खातं मात्र पीएस५च्या आतून बंदच असेल.

झेंडू
पण १ वाजता तो उठून आईच्या खात्यावर खेळला तर?

पोर्टपाटील
@झेंडू, म्हणून तीन गोष्टी लागतात. आईच्या खात्याला लॉगिन पासकोड. `PS5 Console Restrictions` मध्ये नवीन युजर आणि पाहुणा लॉगिन बंद. आणि त्या पानाचा पासकोड बदलणं. मुळात तो `0000` असतो आणि शाळेच्या बसमध्ये तो सगळ्यांना पाठ असतो.

निवांत_बेडूक
आमच्या घरात सगळे पासकोड बाबांचं जन्मसाल. बाबांना वाटतं कोणाला माहीत नाही.

चकली
मी विचारणारच होते. आमच्याकडे पीएस४ आहे. अ‍ॅपमध्ये पीएस४ शोधून रात्री ९ ला बंद केला. तर ९ वाजता सासूबाईंची मालिका बंद पडली आणि चिरंजीव खेळतच होते! यादीत नाव नीट येत नव्हतं, कसलासा आकडा होता, तो टीव्हीचा निघाला. बरं, नंतर खरा पीएस४ शोधून बंद केला. दोन दिवस चाललं, मग परत सुरू. राउटर खराब असेल का? नवरा म्हणतो नवा घेऊ.

पोर्टपाटील
@चकली, नवा घेऊ नका. मुलाने लॅनची वायर लावली का ते बघा. कन्सोलला दोन मॅक पत्ते असतात, एक वाय-फायचा आणि एक वायरचा. राउटर त्याच पत्त्याने यंत्र ओळखतो. तुम्ही वाय-फायचा पत्ता अडवलात, त्याने वायर खोचली, की राउटरला वाटतं हे कुणी नवीनच आलं. पीएस५वर `Settings` > `System` > `System Software` > `Console Information` मध्ये दोन्ही लिहिलेले असतात, पीएस४वर `System Information` मध्ये. दोन्ही प्रोफाइलमध्ये घाला. टीव्हीची चूकही त्यानेच टळेल. नावावर जाऊ नका, पत्ता जुळवा.

चकली
वायर आहे!!! टीव्हीच्या मागून गेलीय, राखाडी. मला वाटलं सेट-टॉप बॉक्सची. आठवीतलं पोर आहे हो.

खडूस_आजोबा
इंजिनीअर होणार. मैदान रद्द.

एडिसनकर
आमच्याकडे स्विच आहे, मुलगी ९ वर्षांची. निन्टेंडोचं फोनवरचं पेरेंटल कंट्रोल्स अ‍ॅप आहे, त्यात वेळ लावायची आणि वेळ संपल्यावर गेम थांबवायचा पर्याय चालू करायचा. राउटरला हातही लावलेला नाही. झोपेच्या मोडमध्ये अपडेट आपोआप येतात. एवढा विचार करायची खरंच गरज आहे का? मला तर राउटरवरचं हे सगळं फुकटचं डोकं शिणवणं वाटतं.

मंदार_कोल्हापूर
@एडिसनकर, राउटर अगदीच निरुपयोगी म्हणू नका. कन्सोलची मर्यादा फक्त कन्सोलवर चालते. माझ्याकडे पोराचा टॅब, जुना फोन, सगळंच आहे.

पण माझी वेगळीच गंमत आहे. मीही रात्री ९ ते ७ लावलंय. तरी पोरगा १२ वाजेपर्यंत ऑनलाइन असतो, आणि सकाळी मी ऑफिसला निघालो की दुपारपर्यंत त्याचं नेट बंद. बायको म्हणते सुट्टीच्या दिवशी सकाळी काहीच लागत नाही. आणि अपडेटही पहाटे येत नाहीत. दोन वेळा राउटर रिसेट केला.

पोर्टपाटील
@मंदार_कोल्हापूर, दुपारी साधारण कितीला चालू होतं? साडेबाराला?

मंदार_कोल्हापूर
हो! साडेबारा-पाऊण. तुम्हाला कसं कळलं?

पोर्टपाटील
राउटरचं घड्याळ ग्रीनिचवर आहे. आपण त्याच्या साडेपाच तास पुढे. तुम्ही लावलेले रात्रीचे ९ म्हणजे आपले पहाटे अडीच, आणि सकाळचे ७ म्हणजे आपले दुपारचे साडेबारा. रिसेट केल्यावर टाइमझोन पुन्हा मूळपदावर जातो, त्यामुळे रिसेट करून उपयोग नाही. सिस्टिमच्या पानात टाइमझोन `GMT+05:30` करा आणि वेळ इंटरनेटवरून घ्यायचा पर्याय चालू ठेवा, नाहीतर लाइट गेली की काही राउटर भलत्याच तारखेला उठतात.

चूक साडेपाच तासांची असली की शंका इथेच घ्यायची. उलट ९ ला बंद होतं, पण चालू मॅच दहा-पंधरा मिनिटं चालतच राहते, असं असेल तर घड्याळ बरोबर आहे. काही राउटर नवीन जोडणी अडवतात, आधीच चालू असलेली तोडत नाहीत. मॅच संपली की पुढची लागत नाही.

मंदार_कोल्हापूर
झालं. बरोबर ९ ला आरडाओरडा ऐकू आला. दंडवत.

कर्जतचा_वारा
माझ्या पोर्टवाल्या उपायाला लोकांनी फारच पटकन बाजूला टाकलं. भाचा ऑनलाइनच खेळतो, एकट्याने खेळायचे गेम त्याला आवडत नाहीत, त्यामुळे आमच्याकडे तो पुरतो. आणि अपडेटसाठी दुसरा मार्ग आहेच की, पेनड्राइव्ह. प्लेस्टेशनच्या साइटवरून फाइल उतरवायची, `PS5` नावाचा फोल्डर, त्यात `UPDATE`, त्यात `PS5UPDATE.PUP`. राउटरवर पूर्ण बंदी असली तरी चालतं.

पोर्टपाटील
@कर्जतचा_वारा, भाच्यापुरतं मान्य. पेनड्राइव्हचं मात्र लोक गल्लत करतील म्हणून लिहितो. त्या फाइलने पीएस५चं स्वतःचं सॉफ्टवेअर नवं होतं. गेमचा अपडेट तसा देता येत नाही, आणि रानजाईताईंचे ४० जीबी गेमचे आहेत. फोल्डर आणि फाइलचं नाव मोठ्या अक्षरांतच हवं, पेनड्राइव्ह `FAT32` किंवा `exFAT`. आणि पीएस५ सुरूच होत नसेल तरच "पुन्हा बसवायची" वेगळी फाइल घ्यायची. तिने सगळा डेटा जातो.

गुलबक्षी
थोडं विषयाला धरून, थोडं सोडून. आम्ही वेळ पीएस५वरच लावलीय, ती छान चालते. अडलंय फिल्टरपाशी. मुलाने नको ते काही बघू नये म्हणून मी राउटरमध्ये एक फिल्टर करणारी डीएनएस सेवा टाकली, तिच्यात प्रकारांची यादी होती. प्रौढ, जुगार, डेटिंग, सगळ्यावर टिक केली. "गेम्स" असाही प्रकार होता, म्हटलं अभ्यासाच्या लॅपटॉपवर गेमच्या साइट नकोत, तीही टिक केली. तेव्हापासून पीएस५ नेटला जोडतो पण अपडेट तपासायला गेलं की चूक दाखवतो. फिल्टर काढला की चालतं. म्हणजे एक तर फिल्टर नाही, नाहीतर अपडेट नाही?

पोर्टपाटील
@गुलबक्षी, तुम्ही स्वतःच उत्तर लिहिलंय. "गेम्स" या प्रकारात गेमच्या वेबसाइटच नाही, प्लेस्टेशनचे सर्व्हरही येतात. `Settings` > `Network` > `Connection Status` > `Test Internet Connection` चालवा. त्यात ओळीने निकाल येतात. आयपी पत्ता मिळाला, पण इंटरनेटच्या ओळीवर अडलं, तर राउटरने पेटीच अडवलीय, म्हणजे वेळेची मर्यादा किंवा ब्लॉक लिस्ट. इंटरनेट ठीक आणि पुढे प्लेस्टेशन नेटवर्कच्या साइन-इनवर अडलं, तर फिल्टरवर संशय घ्या. तुमचं दुसऱ्या प्रकारचं असणार.

गुलबक्षी
हो, पहिल्या दोन ओळी बरोबर, साइन-इनला फुली.

पोर्टपाटील
मग सेवेच्या खात्यात जाऊन अपवादांच्या यादीत हे दोन टाका: `playstation.net` आणि `playstation.com`. डाउनलोड बहुतांश पहिल्यावरून येतात. उपडोमेन एकेक करून टाकू नका, ती बरीच आहेत. आणि आयपी पत्ते तर अजिबात टाकू नका. फाइली जगभर पसरलेल्या सर्व्हरवरून येतात, आजचा पत्ता उद्या असेलच असं नाही. मग "काल चालत होतं, आज नाही" हे सुरू होतं.

त्यानंतर एखादा ठरावीक गेमच अडला, तर सेवेच्या नोंदींत बघा. मुलाला गेम सुरू करायला सांगा, चूक आली की लगेच नोंदींत वरच्या पाच-दहा ओळी वाचा, काय अडवलं ते नावासकट दिसेल. माइनक्राफ्ट पीएस५वर असला तरी त्याला मायक्रोसॉफ्टचं लॉगिन लागतं, म्हणून तिथे `xboxlive.com` अडलेलं सापडतं. लोक प्लेस्टेशनचे पत्ते मोकळे करून थकतात आणि गेम तरी चालत नाही.

झेंडू
आम्ही राउटरमध्ये `1.1.1.3` आणि `1.0.0.3` टाकलंय. क्लाउडफ्लेअरचं कुटुंबांसाठीचं. खातं नाही, यादी नाही, काही नाही. प्रौढ साइट आणि व्हायरसवाल्या साइट बंद, बाकी सगळं चालू. अपडेटला कधी त्रास झाला नाही.

पोर्टपाटील
@झेंडू, ज्यांना डोकं घालायचं नाही त्यांच्यासाठी तेच उत्तम. त्यात प्रकार निवडता येत नाहीत, म्हणून चुकून गेम्सही बंद होत नाहीत. तोटा इतकाच की त्याने काही चुकून अडवलं तर अपवाद करता येत नाही आणि काय अडवलं ते दिसतही नाही. आणि तुमच्या नेटवर आयपीव्ही६ चालू असेल तर तिथेही डीएनएस बदला, `2606:4700:4700::1113` आणि `2606:4700:4700::1003`. नाहीतर यंत्रं त्या दुसऱ्या वाटेने नेटवाल्यांच्या डीएनएसकडे जातात आणि फिल्टर नुसता नावाला राहतो.

फिल्टरकडून एक अपेक्षा मात्र ठेवू नका. गेममधल्या व्हॉइस चॅटमध्ये कोण काय बोलतंय, हे त्याला ऐकू येत नाही. १८+ चा गेम आणि ७+ चा गेम, दोन्ही त्याच सर्व्हरवरून येतात, त्यामुळे तेही त्याला वेगळे करता येत नाहीत. ते दोन्ही पीएस५वरच्या मुलाच्या खात्यात लावायचं, वयाची पातळी आणि संवादावरची बंदी.

गुलबक्षी
अपवाद टाकले, राउटर बंद-चालू केला, साइन-इनला हिरवी खूण आली! लॅपटॉपवर गेमच्या साइट अजून बंदच आहेत. हे हवं होतं.

एडिसनकर
ठीक आहे, राउटरबद्दलचं माझं "फुकटचं" मागे घेतो. निम्मं.

रानजाई
मधे दोन-तीन दिवस येता आलं नाही. पोर्टपाटील, तुम्ही सांगितलं तसं केलं. राउटरवरचा तास काढला, रात्रीची बंदी ९ ते १. वायरचा आणि वाय-फायचा, दोन्ही पत्ते घातले. (चकली, तुमच्यामुळे टीव्हीमागे आधी बघितलं. वायर नव्हती.) पीएस५वर माझ्या खात्याला पासकोड लावला. मुलाच्या खात्याचं वेगळंच लफडं आहे, ते खाली लिहिते.

पण रात्री अपडेट येतच नाही. सकाळी बघते तर पट्टी जिथे होती तिथेच. आणि कधीकधी चालू केल्यावर "नीट बंद केला नव्हता" असं काहीतरी सांगून तपासणी करत बसतो.

पोर्टपाटील
रात्री झोपताना पेटीवर कोणता दिवा असतो? नारिंगी की काहीच नाही? नारिंगी म्हणजे रेस्ट मोड, तिथे डाउनलोड चालतं. दिवाच नसेल तर पेटी पूर्ण बंद, मग राउटर मोकळा असून उपयोग नाही. `Settings` > `System` > `Power Saving` > `Features Available in Rest Mode` मध्ये `Stay Connected to the Internet` चालू हवं. आणि `Saved Data and Game/App Settings` मध्ये `Automatic Updates`, त्यातले दोन्ही पर्याय चालू.

रानजाई
हे सगळं चालूच आहे. मी झोपते तेव्हा नारिंगी दिवा असतो, हे नक्की.

कर्जतचा_वारा
आणि सकाळी?

रानजाई
सकाळी... थांबा. विचारून येते.

रानजाई
सासूबाई. रात्री बाराच्या सुमारास पाणी प्यायला उठतात आणि टीव्हीच्या बाजूचं भिंतीवरचं बटण बंद करतात. "लाल दिवा जळत राहतो, वीज खातो." वर्षानुवर्षांची सवय, टीव्हीसाठी लागलेली. सकाळी मी उठायच्या आत परत चालूही करतात.

निवांत_बेडूक
खरं पेरेंटल कंट्रोल सापडलं. पासकोड लागत नाही, अपडेटही लागत नाही.

खडूस_आजोबा
मी पण बंद करतो. सगळ्या घरातली.

पोर्टपाटील
ती "नीट बंद केला नव्हता" सूचना त्याचीच. रेस्ट मोडमध्ये वीज तुटली की पीएस५ पुढच्या वेळी साठवणीची तपासणी करतो. नुसता पडून असेल तर फार बिघडत नाही, पण अपडेट बसवत असताना तुटली तर खरंच त्रास होऊ शकतो. पेटीला वेगळं प्लग पॉइंट द्या, आणि सासूबाईंसाठी हिशोब असा सांगा की नुसता पडून असताना ४ वॅट धरले तरी महिन्याला तीन युनिटच्या आत. डाउनलोड चालू असताना जास्त लागते, पण ते रोज नसतं.

चकली
सासूबाईंना वॅट नाही, रुपये सांगा. तेही कमी करून.

रानजाई
वेगळा पॉइंट दिला, बटणावर चिकटपट्टी लावली. काल रात्री १ नंतर उरलेला अपडेट उतरला आणि बसलासुद्धा. आज शाळेतून आल्यावर थेट मॅच. त्याचा तास त्याला पूर्ण मिळाला, संपल्यावर खात्यातून बाहेर.

आता लफडं. मामाने पीएस५ लावून देताना मुलाचं खातं उघडलं, आणि भानगड नको म्हणून जन्मसाल स्वतःचं टाकलं. म्हणजे ते खातं प्रौढाचं आहे, आणि त्याला मुलाची वेळेची मर्यादा लागतच नाही. सध्या मी त्याच्यासाठी माझ्याखाली नवीन मुलाचं खातं केलंय आणि आजची मॅच त्यावरच झाली. पण त्याने घेतलेले दोन गेम आणि सगळी प्रगती जुन्या खात्यावर. नवीन खात्यावर त्याचा संघ शून्यापासून. घरात सुतक आहे.

पोर्टपाटील
गेमचं होऊ शकतं. जुन्या खात्याने लॉगिन करा, `Settings` > `Users and Accounts` > `Other` > `Console Sharing and Offline Play` चालू करा. मग त्या पेटीवरची बाकी खातीही ते गेम खेळू शकतात, पुन्हा विकत घ्यावे लागत नाहीत. जुन्या खात्याचा पासकोड तुमच्याकडे ठेवा, म्हणजे झालं. प्रगती आणि ट्रॉफ्या मात्र खात्याशी बांधलेल्या. काही गेमचं साठवण सर्व्हरवर गेम कंपनीच्या वेगळ्या खात्याशी जोडलेलं असतं, तिथे ते खातं नव्या ओळखीला जोडता येतं का ते त्या कंपनीकडे विचारावं लागेल. प्रत्येकाचे नियम वेगळे.

झेंडू
मला वाटतं जुनंच खातं राहू द्या आणि राउटरवर तास परत लावा. पोराने कमावलेलं काढून घेणं बरोबर नाही. अपडेट रात्री १ नंतर येतातच आता, मग राउटरचा तास खाल्ला जाणार नाही.

पोर्टपाटील
चालेल, पण बहुतेक राउटरचा रोजचा कोटा मध्यरात्री नव्याने सुरू होतो. म्हणजे १ वाजता उतरलेला अपडेट पुढच्या दिवसाचा तास खाणार. तुमच्या अ‍ॅपमध्ये कोट्याशिवाय नुसत्या वेळा लावता येत असतील, म्हणजे संध्याकाळी ५ ते ६ चालू, १ ते ५ चालू, बाकी बंद, तर जमेल. फक्त पहाटे १ ते ५ जुन्या खात्याला काहीच अडवणारं नसेल.

मंदार_कोल्हापूर
आणि ५ ते ६ मध्ये शाळेची बस उशिरा आली की?

रानजाई
बस उशिराच येते. बघू, रविवारी मामाला जेवायला बोलावलंय. खातं त्याने उघडलं, गेम कंपनीला मेलही तोच लिहील. झेंडू, तुमचं म्हणणं मुलाला वाचून दाखवलं, तुम्ही त्याच्या आवडत्या मावशी झाला आहात.

निवांत_बेडूक
मामा आला की आधी त्याचा फोन घ्या. हॉटस्पॉट.